‘५० तास, ४५ डेसिबल’ : इअरबड्सचा बॉक्स कसा वाचायचा आणि नकली माल कसा ओळखायचा

दिवाळीनंतर एक ताई माझ्या रिपेअरिंगच्या टेबलावर आल्या. रोज पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोडहून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या, पासवाल्या. त्यांनी चार्जिंगची डबी पुढे ठेवली आणि म्हणाल्या, “दादा, बॉक्सवर ५० तास लिहिलंय आणि ठाणं गेलं की उजवा बड बंद पडतो. बिघाड आहे का फसवणूक?”

मी बड्स तपासले. बिघाड नव्हता, माल अस्सल होता आणि बॉक्सवरचे ५० तासही एका अर्थाने खरे होते. तरीही ताईंचे साडेतीन तासच भरत होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतात हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. तोच हिशोब इथे देतो, कारण पहिल्यांदा इअरबड्स घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला तो लागतो.

पायरी १ : मोठा आकडा सोडा, एका चार्जचे तास शोधा

बॉक्सच्या दर्शनी बाजूला छापलेले ४०, ५०, ६० तास हे कानातल्या बड्सचे नसतात. बड्स एकदा पूर्ण चार्ज करून वापरले, मग डबीत ठेवून पुन्हा भरले, पुन्हा वापरले, असं डबी रिकामी होईपर्यंत केलं तर होणारी ती बेरीज असते. तुम्हाला एका बैठकीत किती वेळ ऐकता येईल, हे त्या बेरजेवरून कळत नाही. त्यासाठी बॉक्सची मागची बाजू किंवा कंपनीच्या वेबसाइटवरची तपशिलाची यादी उघडा आणि बॅटरीची क्षमता शोधा. ती एमएएचमध्ये दिलेली असते, एकदा बडची आणि एकदा डबीची.

ताईंच्या बॉक्सवर बडची ४० आणि डबीची ४०० होती. दोन बड म्हणजे ८०. चारशेला ऐंशीने भागलं की पाच. म्हणजे डबी बड्सना पाच वेळा भरणार, आणि बड्स आधीच एकदा भरलेले, असे एकूण सहा फेरे. ५० तासांना सहाने भागलं की एका फेऱ्याला आठ तास वीस मिनिटं येतात. मोठ्या आकड्याच्या मागे लपलेला खरा दावा हा.

पण डबीतली सगळी वीज बडपर्यंत पोचत नाही. डबीतल्या सेलचा दाब आधी वाढवावा लागतो, मग बडच्या चार्जिंग सर्किटमध्ये तो पुन्हा खाली येतो, आणि या दोन्ही ठिकाणी काही भाग उष्णतेत जातो. चार्ज होताना डबी कोमट लागते ती त्यामुळेच. डबीच्या क्षमतेचा साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग बड्सना मिळतो असं धरून चाला. म्हणजे ४०० पैकी २८०च्या आसपास. पाच फेऱ्यांचे साडेतीन होतात, आणि बड्सचा पहिला फेरा धरून ५० तासांचे ३७.

आता अटी बघा. बारीक अक्षरांत ‘५०% आवाजावर’ आणि ‘एएनसी बंद असताना’ असं लिहिलेलं असतं. ताई गाडीत आवाज ८०% ठेवायच्या आणि एएनसी, म्हणजे बाहेरचा गोंगाट कमी करणारी सोय, सतत चालू. या सोयीसाठी माइक आणि चिप दोन्ही अखंड काम करतात आणि बॅटरी खातात. किती खातात याचा अंदाज मोठ्या कंपन्यांच्या आकड्यांवरून येतो, कारण त्यांच्यापैकी काही जणी दोन्ही आकडे वेगवेगळे देतात. सोनीच्या डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५ या महागड्या बड्सना कंपनी एएनसी बंद असताना १२ तास आणि चालू असताना ८ तास देते. सरळ एक तृतीयांश गेले. ताईंच्या आठ तास वीस मिनिटांतून तृतीयांश काढला की साडेपाच उरतात, आणि वाढवलेल्या आवाजाचा खर्च वजा केला की पाच. बड्स नवे असताना त्यांना साधारण पाच तास मिळत होते, आणि त्यांनाही ते आठवत होतं.

मग पाचाचे साडेतीन कसे झाले? वापराने. जाताना जवळपास चार तास आणि येताना चार, म्हणजे रोज दीडहून जास्त वेळा पूर्ण भरणं आणि रिकामं होणं. महिन्याला ४० फेरे धरले तर बड्स घेतल्यापासूनच्या १४ महिन्यांत ५६० होतात. एवढ्याशा लिथियम सेलची क्षमता तीनशे ते पाचशे फेऱ्यांनंतर ८०% च्या आसपास येते आणि पुढे उतरतच जाते. बडमधला सेल शर्टाच्या बटणापेक्षा फार मोठा नसतो, आणि बहुतेक बड्समध्ये तो बदलायची सोयही नसते. मी काही उघडून बदलले आहेत, पण कवच चिकटवलेलं असतं, उघडल्यावर घामापासूनचं संरक्षण जातं, आणि स्वस्त बडसाठी हा खर्च परवडत नाही.

म्हणून खरेदीच्या वेळी विचारायचा प्रश्न असा : एका चार्जमध्ये, एएनसी चालू ठेवून किती तास? आणि जे उत्तर मिळेल ते तुमच्या सर्वांत लांब बैठकीच्या दीडपट तरी असायला हवं. ताईंची बैठक चार तासांची, म्हणजे त्यांना सहा तासांचे बड्स हवे. मग वर्षभराने क्षमता उतरली तरी गाडी मुंबईला पोचेपर्यंत ते टिकतील. हा आकडा कुठेच दिलेला नसेल, फक्त बेरीजच दिली असेल, तर वरचा भागाकार करून तृतीयांश कमी करा आणि त्यावरच निर्णय घ्या.

फोनवर बोलायचे तास वेगळे असतात आणि कायम कमी असतात, कारण बोलताना माइक आणि आवाज दोन्ही दिशांनी धावतो. अ‍ॅपलच्या एअरपॉड्स प्रो २ ला एएनसीसह ऐकण्याचे सहा तास आहेत, बोलण्याचे साडेचार. दिवसभर मीटिंगा करणाऱ्यांनी ‘टॉक टाइम’चाच आकडा बघावा. ‘१० मिनिटांत १५० मिनिटे’ हा दावा मात्र साधारण खरा निघतो, पण बड्स जवळजवळ रिकामे असताना आणि एएनसी बंद ठेवून. लिथियम सेल सुरुवातीला भराभर भरतो आणि शेवटाकडे हळू होतो, त्यामुळे ७०% वरून दहा मिनिटांत तेवढी भर पडणार नाही.

पायरी २ : एएनसी आणि ईएनसी यांची गल्लत करू नका

सगळ्यांत जास्त लोक फसतात ते इथे, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण फरक फक्त एका अक्षराचा आहे. ‘ईएनसी’ तुमच्या कानासाठी नसते. ती माइकवर काम करते : तुम्ही फोनवर बोलताना तुमच्या मागचा रस्त्याचा आवाज गाळते, म्हणजे पलीकडच्या माणसाला तुम्ही स्पष्ट ऐकू येता. तुमच्या कानात येणारा गाडीचा खडखडाट तिने तसूभरही कमी होत नाही. आठशे-हजाराच्या बऱ्याच बड्सवर ‘नॉइज कॅन्सलेशन’ मोठ्या अक्षरांत आणि ‘कॉलसाठी’ लहान अक्षरांत असतं, तेव्हा ती ईएनसी असते. ‘क्वाड माइक’ हेही बहुतेक वेळा कॉलचंच वर्णन असतं. एका बडमध्ये दोन आणि दुसऱ्यात दोन, मिळून चार.

कानासाठी असते ती एएनसी. बडच्या बाहेरचा माइक आवाज पकडतो, चिप त्याच्या नेमका उलटा आवाज तयार करते, आणि स्पीकरमधून तो सोडला की दोन्ही एकमेकांना मारतात. झोक्यावर बसलेल्या मुलाला थांबवायचं असेल तर झोका आपल्याकडे येताना नेमक्या क्षणी हात लावावा लागतो, तसंच हे. झोका संथ असेल तर तो क्षण साधतो. फार वेगात हलणाऱ्या वस्तूला तसं थांबवता येत नाही. शंभर हर्ट्झची घरघर सेकंदाला शंभर वेळा कंप पावते, चिपला वेळ मिळतो. माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं आणि शिट्टी यांची कंपनं सेकंदाला हजारोंनी असतात, तिथे चिप मागे पडते. म्हणून एएनसी गाडीची घरघर, पंखा, एसी, बसचं इंजिन, विमानाचा घुमारा यांवर उत्तम चालते, आणि ‘चाय गरम’वर, शेजारच्या सीटवरच्या गप्पांवर, रडणाऱ्या बाळावर फारशी चालत नाही. तेवढं काम कानात घट्ट बसलेला रबरी बोळाच करतो.

आता ‘४५ डेसिबलपर्यंत’ या शब्दांकडे या. त्यातला महत्त्वाचा शब्द ‘पर्यंत’. आवाज दहा डेसिबलने उतरला की कानाला तो साधारण निम्मा वाटतो, वीसने उतरला की पाव. पण कंपनीने दिलेला आकडा बहुतेक वेळा एखाद्या सोयीच्या सुरावर, तोही खालच्या पट्टीतल्या, मिळालेला सर्वांत मोठा आकडा असतो. सगळ्या पट्ट्यांची सरासरी तो नसतो, आणि कधीकधी त्यात रबरी बोळ्याने अडवलेला आवाजही धरलेला असतो. म्हणून ४५ वाले बड्स ३५ वाल्यांपेक्षा शांत असतीलच असं नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी लावून पाहू नका, कारण दोघींनी वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या रीतीने मोजलेलं असतं.

आकड्यावर विसंबण्यापेक्षा घरी करता येणारी चाचणी जास्त सांगते. स्वयंपाकघरातली चिमणी किंवा एक्झॉस्ट पंखा लावा. बड्स कानात घाला, गाणं लावू नका. एएनसी बंद ठेवून दहा सेकंद ऐका, मग चालू करा. घरघर खाली बसल्यासारखी वाटायला हवी, जणू पंखा शेजारच्या खोलीत गेला. आता घरातल्या कुणाला तरी टाळी वाजवायला सांगा. टाळी जवळपास तशीच ऐकू येईल, आणि ते बरोबर आहे. पण घरघर अजिबात बदलली नाही आणि कानात फक्त हलकी ‘स्स्स’ वाढली, तर त्या बड्समध्ये एएनसी नावापुरती आहे.

चाचणी फसली तर आधी बोळा तपासा. डबीसोबत बहुतेक तीन मापांचे बोळे येतात, आणि बड्सवर मधलाच बसवलेला असतो. बड्स कानात असताना हलकेच आत दाबा : दाबल्यावर गाण्यातला खर्ज एकदम वाढला तर बोळा तुमच्या कानाला लहान पडतोय. मोठा लावा. दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागणं अगदी नेहमीचं आहे. ज्या बड्सना बोळाच नाही, नुसतं कडक प्लास्टिक कानाशी टेकतं, त्यांच्यात एएनसी दिली असली तरी फट राहते आणि परिणाम अर्धवटच मिळतो. गाडीतल्या प्रवासासाठी मी ते सुचवत नाही.

पायरी ३ : आवाजाच्या दर्जाचे शब्द

इथे फार वेळ घालवू नका. ‘१३ एमएमचा ड्रायव्हर’ म्हणजे स्पीकरच्या पडद्याचा व्यास. मोठा पडदा म्हणजे चांगला आवाज असं नसतं. १० एमएमचा नीट जुळवलेला ड्रायव्हर १३ वाल्याला मागे टाकतो. ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ ही माणसाच्या श्रवणाची सर्वसाधारण कक्षा आहे आणि ती जवळजवळ प्रत्येक बॉक्सवर असते. त्या कक्षेत कुठला सूर किती फुगवलाय आणि कुठला दाबलाय हे त्यातून कळत नाही. ‘ब्लूटूथ ५.३’ने जोडणी सुधारू शकते, बॅटरी वाचू शकते, पण नुसत्या त्या आकड्याने गाणं गोड होत नाही.

कोडेक हा शब्द मात्र समजून घ्यावा. फोन गाणं ज्या पद्धतीने दाबून बड्सकडे पाठवतो ती पद्धत म्हणजे कोडेक. एसबीसी सगळ्यांत असतो, एएसी बहुतेकांत. एलडॅक जास्त माहिती पाठवतो, सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत, आणि त्याच्या जोरावर ‘हाय-रेझ’चा सोनेरी शिक्का लागतो. पण तो फोन आणि बड्स दोन्हींत असावा लागतो. आयफोनमध्ये एलडॅक नाही, तिथे एएसीच चालतो. आयफोनवाल्याने एलडॅकसाठी जादा पैसे मोजू नयेत. अँड्रॉइडवर बघायचं असेल तर सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारा, ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतील, त्यात ब्लूटूथ ऑडिओ कोडेकची ओळ आहे. बड्स जोडलेले असताना कोणता कोडेक चालू आहे ते तिथे दिसतं. काही फोनमध्ये ‘बिल्ड नंबर’ एक पायरी आत असतो.

दर्जा ओळखायला तुमच्या अगदी ओळखीचं एखादं भजन घ्या, ज्यात तबला आणि टाळ दोन्ही आहेत. डग्ग्याचा घुमारा गायकाच्या शब्दांवर चढतोय का? स्वस्त बड्समध्ये खर्ज मुद्दाम फुगवलेला असतो आणि दुकानात पाच मिनिटं तो झकास वाटतो. मग टाळांकडे कान द्या : प्रत्येक ठोका सुटा वाजतोय की सगळं मिळून पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं होतंय? टाळ सुटे आणि शब्द स्वच्छ असतील तर तेवढं पुरे. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये इक्वलायझर असेल तर खर्ज दोन पायऱ्या उतरवून पुन्हा ऐका, अनेक बड्स तेवढ्यानेच सुधारतात.

पायरी ४ : नकली माल

वरचा सगळा हिशोब अस्सल मालाला लागू. नकली मालावर छापलेल्या आकड्यांना कसलाच आधार नसतो.

माझ्याकडे एक कॉलेजचा मुलगा एअरपॉड्स प्रोसारखे दिसणारे बड्स घेऊन आला होता. एका ओळखीच्याकडून, ‘गिफ्ट आलेले, वापरले नाहीत’ म्हणून निम्म्या किमतीत घेतलेले. तो ठाम होता की ते खरे आहेत, कारण डबी उघडताच आयफोनवर नेहमीचं चित्र वर यायचं आणि डबीवरचा सिरियल नंबर अ‍ॅपलच्या checkcoverage.apple.com वर टाकला की बरोबर मॉडेल दिसायचं. त्याच्या परवानगीने मी डबी उघडली. आत छोटासा सेल आणि त्याच्याशेजारी गोंदाने चिकटवलेली लोखंडी पट्टी. ती वीज साठवत नव्हती, वायरिंगला जोडलेलीही नव्हती. डबी हातात अस्सलइतकी जड लागावी एवढ्यासाठीच ती होती. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. सुट्टीत काम करून जमवलेले पैसे होते ते.

सिरियल नंबर मात्र खरा होता. नकली बनवणारे एखाद्या अस्सल डबीचा नंबर उचलतात आणि तोच हजारो डब्यांवर छापतात. वेबसाइट फक्त ‘असा नंबर आम्ही दिला आहे’ एवढंच सांगते, तुमच्या हातातली डबी तीच आहे का हे तिला ठाऊक नसतं. म्हणून माझा नियम असा आहे : जे छापता येतं त्याने माल नकली ठरू शकतो, पण अस्सल ठरत नाही. अस्सल ठरवायचं ते बड्स कसे वागतात त्यावरून.

छापील गोष्टींपासून सुरुवात करा, कारण घाईत बनवलेला नकली माल तिथेच अडकतो. भारतात वायरलेस इअरफोन भारतीय मानक ब्युरोच्या, म्हणजे बीआयएसच्या, सक्तीच्या नोंदणीखाली येतात. बॉक्सवर किंवा डबीवर बीआयएसचं चिन्ह, `IS` ने सुरू होणारा मानकाचा क्रमांक आणि `R-` ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असायला हवा. फोनवर BIS Care हे सरकारी अ‍ॅप घ्या, त्यात आर-नंबर तपासायची सोय आहे. नंबर टाकला की उत्पादकाचं नाव, वस्तू आणि नोंदणी चालू आहे की नाही ते दिसतं. नोंदणी कारखान्याच्या नावाने असते, त्यामुळे ब्रँडपेक्षा वेगळं नाव दिसलं तर लगेच घाबरू नका, ब्रँड आणि वस्तूचा प्रकार जुळतोय का ते बघा. इअरबड्सच्या नंबरवर मोबाइलचा चार्जर निघाला तर मात्र बॉक्स परत द्या. त्याच लेबलवर एमआरपी, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, आयातदाराचं किंवा उत्पादकाचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनलं ते आणि ग्राहक सेवेचा संपर्क असणं कायद्याने बंधनकारक आहे. हे लेबलच नसलेला ‘बॉक्स पीस’ कितीही चकचकीत असला तरी घेऊ नका.

मग वागणं तपासा. एअरपॉड्स असतील तर अद्ययावत आयफोनला जोडून बघा. आयओएस १६ पासून फोन नकली बड्सना ओळखण्याचा प्रयत्न करतो आणि हे अस्सल असल्याची खात्री पटत नाही असा इशारा दाखवतो. इशारा आला तर विषय संपला. नाही आला तर सेटिंग्जमध्ये बड्सच्या माहितीत जा : डावा बड, उजवा बड आणि डबी यांचे सिरियल नंबर वेगवेगळे असायला हवेत. तिन्ही एकच असतील तर ते नकली. इतर ब्रँडमध्ये कंपनीचं अधिकृत अ‍ॅप प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरून घ्या. तुमच्या मॉडेलला अ‍ॅप असूनही ते बड्सना ओळखत नसेल, नाव वेगळंच दाखवत असेल, किंवा बॉक्सवर असलेली एएनसी अ‍ॅपमध्ये दिसतच नसेल, तर तो मोठा पुरावा. सगळ्यांत शेवटी चिमणीची चाचणी करा. चांगली एएनसी नकली बनवणाऱ्याला स्वस्तात जमत नाही, कारण तिला चांगले माइक, योग्य चिप आणि प्रत्येक मॉडेलसाठी केलेली जुळवणी लागते. त्या मुलाच्या बड्समध्ये ‘नॉइज कॅन्सलेशन’चं बटण फोनवर दिसत होतं, दाबलं की आवाजही यायचा, पण पंखा जसाच्या तसा घोंगावत होता.

वजनही बघता येतं. कंपन्या ते वेबसाइटवर देतात. एअरपॉड्स प्रो २ चा एक बड ५.३ ग्रॅम आणि डबी ५०.८ ग्रॅम. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर हे दोन मिनिटांत कळतं. वजनात ठळक फरक म्हणजे शंका पक्की. पण वजन जुळलं म्हणून निश्चिंत होऊ नका, लोखंडी पट्टी त्यासाठीच असते.

खरेदीपूर्वीचे दोन शब्द ऐकून ठेवा. ‘फर्स्ट कॉपी’ आणि ‘मास्टर कॉपी’ म्हणजे नकली, दुसरा कोणताही अर्थ नाही. आणि ‘बिल हवं असेल तर वेगळा रेट’ असं कुणी म्हणालं तर बिल घ्या किंवा दुकान सोडा, कारण बिलाशिवाय वॉरंटीही नाही आणि तक्रारही नाही. ऑनलाइन घेताना संकेतस्थळाच्या नावावर जाऊ नका, ‘विक्रेता’ या ओळीत कोण आहे ते उघडून बघा आणि कंपनीच्या वेबसाइटवर दिलेल्या अधिकृत विक्रेत्यांशी जुळवा. एकाच संकेतस्थळावर एकाच मालाचे चार विक्रेते असतात. पार्सल आलं की फोडण्याआधी व्हिडिओ सुरू करा : आधी पत्त्याचं लेबल, मग सील, मग बॉक्सवरचा नंबर, मग डबीवरचा, एकही कट न करता.

माल नकली निघाला तर लगेच परतीची विनंती टाका आणि कारण म्हणून ‘आवडलं नाही’ नव्हे, ‘नकली माल’ हेच निवडा. व्हिडिओ, बिल आणि अ‍ॅपमधल्या इशाऱ्याचा फोटो जोडा. सात दिवसांत दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा, मराठीतही बोलता येतं. तोवर ते बड्स उशाशी ठेवून चार्ज करू नका. नकली डबीतल्या सेलला संरक्षक सर्किट असेलच याची खात्री नसते. डबीचं झाकण नीट बसेनासं झालं किंवा तळ फुगीर लागला तर सेल फुगलाय, चार्जिंग थांबवा आणि डबी ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

पायरी ५ : परतीच्या मुदतीत स्वतः मोजा

नवे बड्स आले की पहिल्या आठवड्यातच एकदा मोजून घ्या. दोन्ही बड १००% भरा, एएनसी चालू करा, आवाज तुमच्या नेहमीच्या पातळीवर ठेवा आणि सलग गाणी लावून वेळ लिहा. एक बड दुसऱ्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं आधी संपणं चालतं. तासाभराचा फरक असेल तर त्या बडचा सेल कच्चा आहे, मुदत आहे तोवर बदलून घ्या.

ताईंनी या वेळी मागची बाजू वाचून, एएनसीसह सहा तास लिहिलेले बड्स बिलासह घेतले. पहिल्याच सोमवारी नाशिकरोडला १००% वर लावले. कसाऱ्याच्या घाटातल्या बोगद्यांत घरघर खाली बसल्याचं त्यांना जाणवलं, पण चहावाल्याची हाक तशीच आली. सीएसएमटीला उतरताना फोनवर ३४% दिसत होते. त्यांनी तारीख घालून तो आकडा डबीच्या बिलावरच लिहून ठेवलाय, आणि दर तीन महिन्यांनी त्याच गाडीत, त्याच आवाजावर पुन्हा मोजणार आहेत. वॉरंटीच्या वर्षात हा आकडा शून्यावर यायला लागला, तर सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर ठेवायला त्यांच्याकडे तारखांसकट नोंद असेल.